सुट्टीतले प्रभारी अधिकारी

दिवाळीच्या सुट्टीची सूचना आमच्या बालाघाटच्या वितरण केंद्रात गेली अकरा वर्षं मीच टाइप करते. वीज कंपनीचं ऑफिस आहे, त्यामुळे ते पूर्ण बंद कधीच नसतं. बिलाची खिडकी बंद, बाबू लोक बंद, पण तार तुटली, ट्रान्सफॉर्मर जळला, तर कुणीतरी हजर हवं. म्हणून सूचनेसोबत एक तक्ता असतो. कुठल्या दिवशी प्रभारी अधिकारी कोण, त्याचा मोबाइल नंबर, लाइनमन कोण, उपकेंद्रावर ऑपरेटर कोण. एक प्रत वरच्या ऑफिसला, एक दारावर, एक उपकेंद्रात. हिंदीतला मजकूर मला झोपेतही पाठ आहे.

या तक्त्याची मला किळस येते. आजची नाही, पहिल्या वर्षापासूनची. कारण तो टाइप करतानाच मला माहीत असतं की ज्याचं नाव लिहिते आहे, तो त्या दिवशी बालाघाटात नसणार. मोठे साहेब, म्हणजे घनश्याम साहेब, धनतेरसला जबलपूरची गाडी धरतात. छोटे साहेब प्रीतम, कनिष्ठ अभियंता, रीवाकडचे, ते तर एक दिवस आधीच निघतात. तरी दोघांची नावं तक्त्यात दिवस वाटून छान बसवायची. सोमवारी हे, मंगळवारी ते, गोवर्धनाला पुन्हा हे. कागद पाहून वाटावं की आमचे अधिकारी लक्ष्मीपूजन सोडून खांबाखाली उभे आहेत.

मग सगळं चालतं कसं, तर फॉरवर्डवर. साहेब लोकांना कंपनीचा नंबर असतो, तोच दारावर छापतो. जाताना ते त्या नंबरवरचे कॉल दुसऱ्याकडे वळवून जातात. वरच्या ऑफिसातून फोन आला तरी कुणीतरी उचलतं, जनतेचा आला तरी कुणीतरी उचलतं. "साहेब लाइनवर गेलेत" एवढं म्हटलं की भागतं. आमच्याकडे हा गुन्हा समजत नाहीत, सोय समजतात. नवा अभियंता आला की त्याला पहिल्या महिन्यात हे शिकवतात.

आणि हे "कुणीतरी" कोण, तेही ठरलेलं आहे. मी आणि नागसेन. नागसेन आमचा लाइनमन, आउटसोर्सवाला, म्हणजे कंपनीचं काम करायचं आणि ठेकेदाराच्या एका फोनवर घरी बसायचं. आम्ही दोघं बौद्ध. त्यामुळे ऑक्टोबर उजाडला की घनश्याम साहेब मोठ्या मायेनं म्हणतात, तुमच्यात तर दिवाळी नसते ना. गेल्या वर्षी मी विचारलं की मग दसऱ्याला आम्हाला दीक्षाभूमीला जायला दोन दिवस सुट्टी का नाही मिळाली. त्यावर ते म्हणाले, दसऱ्याला तर सगळ्यांनाच सुट्टी हवी असते. मी तक्ता टाइप केला.

यंदाच्या सूचनेत खाली एक विशेष सूचना घालायला लावली. दिवाळीच्या आठवड्यात प्रभारी अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय कुठलाही फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी मुख्य लाइन, बंद करायचा नाही. परवानगी देणाऱ्याचं नाव आणि वेळ ऑपरेटरनं रजिस्टरात लिहायची. मागच्या वर्षी लक्ष्मीपूजनाला एका ऑपरेटरनं दहा मिनिटं लाइट बंद केली होती, कुणा बड्या माणसाच्या घरी आरती अंधारात झाली, आणि ऑपरेटरला कारणे दाखवा नोटीस निघाली होती. तीही मीच टाइप केली होती. आता ही ओळ वाचून मी प्रीतम साहेबांना विचारलं, तुम्ही इथे नसाल तर परवानगी द्यायची कुणी. ते बॅग भरत होते. म्हणाले, फोन चालू राहील ना, मॅडम.

फोन चालू होताच. प्रश्न तो नव्हता.

गोवर्धनाच्या दिवशी पावणेबाराच्या सुमाराला मी घरी आईच्या गुडघ्याला तेल लावत होते. नागसेनचा फोन आला. तो कटंगी रोडच्या आतल्या एका टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर होता. अकरा हजार व्होल्टच्या लाइनच्या एका खांबावरची आडवी पट्टी एका बाजूनं निसटली होती आणि तार खाली लोंबत होती, माणसाच्या डोक्याच्या उंचीला. तुटली असती तर कदाचित फीडर आपोआप बंद पडला असता. ती तुटली नव्हती. जिवंत लोंबत होती, धानाच्या बांधावरून जाणाऱ्या वाटेवर.

"ताई, साहेबाले फोन लावून राह्यलो, बिझी येऊन राह्यला," तो म्हणाला. "अर्धा घंटा झाला. मोठ्या साहेबाचा बी बिझी. एवढा वेळ दोघं कोनासंग बोलून राह्यले?"

मी विचारलं, काही वेगळं ऐकू येतंय का फोनवर. नाही, म्हणाला, लावला की लगेच बिझी. आणि मग माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मी त्याला विचारलं की प्रीतम साहेबांनी जाताना कॉल कुणाकडे वळवले.

"माह्याकडंच ना. सकाळपासून लोकं मलेच साहेब म्हनून राह्यले."

मोठ्या साहेबांनी आपला नंबर छोट्यांकडे वळवला होता. छोट्यांनी आपला नागसेनकडे. म्हणजे दारावर, उपकेंद्रात आणि वरच्या ऑफिसात छापलेले दोन्ही आपत्कालीन नंबर नागसेनच्या खिशात वाजत होते, आणि नागसेन जीव तोडून स्वतःलाच फोन लावत होता. त्याचा फोन अर्थातच बिझी होता. मी हे त्याला सांगितलं तेव्हा तो नुसतं "हौ का" म्हणाला.

त्यानं मुख्यालयाच्या तक्रार केंद्रातही नोंद केली होती. तिथून उत्तर आलं होतं की तक्रार प्रभारी अधिकाऱ्याकडे पाठवली आहे. आणि ती पाठवल्याचा फोनही त्यालाच आला होता.

सांगताना त्याचा आवाज शांत होता, पण मागे ढोल ऐकू येत होता. गोवर्धनाला त्या टोल्यातली गुरं सजवून, नाचवत त्याच वाटेनं गोठाणावर, गुरं जमवायच्या मोकळ्या जागेवर नेतात. शिंगांना रंग, गळ्यात मोरपिसं, पुढे काठ्या उंचावून नाचणारी पोरं. दुपारी एकपर्यंत ती मिरवणूक निघणार होती. नागसेन आणि पुनाराम नावाचा एक म्हातारा शेतकरी, दोघं वाटेच्या दोन्ही टोकांना उभे राहून लोकांना थांबवत होते. लोक ऐकत नव्हते. आज गोवर्धन आहे, लाइटवाल्यांनी आपलं काम करावं, असं म्हणत होते. उंच धरलेली एक काठी, एक शिंग तारेला लागलं की संपलं.

मी प्रीतम साहेबांचा खासगी नंबर लावला. बंद. घनश्याम साहेबांचा खासगी लावला. पूर्ण रिंग वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग दुलीचंदला लावला, आमच्या उपकेंद्राचा ऑपरेटर. तो बिचारा वाईट माणूस नाही. पण त्यानं सरळ सांगितलं की साहेबाचा आवाज ऐकल्याशिवाय मी फीडरला हात लावणार नाही, सूचना तुम्हीच टाइप केली आहे, म्याडम, खाली माझी सही घेतली आहे. तार लोंबते म्हणून सांगितलं तर म्हणाला की नागसेननं मघाशीच सांगितलं, मीही साहेबांना फोन लावला, तर नागसेननंच उचलला. असं म्हणून तो हसला. भीतीनं हसला असेल, पण मला त्या हसण्याचा संताप आला.

आईला तेल लावणं तसंच अर्ध्यावर सोडून मी स्कूटी काढली. उपकेंद्र दहा मिनिटांवर आहे. वाटेत दोनदा थांबून घनश्याम साहेबांना फोन लावला. एकदा त्यांच्या बायकोनं उचलला, म्हणाली, पूजा चालू आहे, तासाभरानं करा. मी सांगितलं की माणूस मरेल. ती म्हणाली, सांगते. फोन तिकडे आरतीच्या आवाजात तसाच राहिला असावा, मग कट झाला.

उपकेंद्रात दुलीचंद पॅनलसमोर खुर्चीत ताठ बसला होता, कुणी त्याला बांधून ठेवल्यासारखा. रजिस्टर उघडंच होतं. परवानगी देणाऱ्याचं नाव, पद, वेळ, असे तीन रकाने. मी त्याला म्हटलं, बंद कर. तो म्हणाला, कुणाच्या नावानं. ते विचारणं चूक नव्हतं. नोकरी त्याचीही होती. पण टोल्यावर ढोल वाजत होता आणि आम्ही इथे रकाना भरायला नाव शोधत होतो. मला त्याची किळस आली, माझी आली, अकरा वर्षं बिनचूक टाइप केलेल्या त्या तक्त्याची आली. मी पेन घेतलं आणि लिहिलं. संघमित्रा, कार्यालय सहायक. जीवितास धोका असल्याने. बारा वाजून वीस मिनिटे. खाली सही केली.

"म्याडम, तुमाले अधिकार नाही," दुलीचंद म्हणाला.

"ज्याले हाय तो आरती करून राह्यला. मार बटन."

त्यानं फीडर बंद केला. नागसेनला फोनवर परमिटचा, म्हणजे लाइनवर काम करायच्या परवानगीचा नंबर दिला, त्यानं तो परत म्हणून दाखवला, तसा नियम आहे. मग त्यानं तारेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग लावलं, खांबावर चढला, पट्टी ओढून घेतली, बांधली. पुनाराम खालून दोर धरत होता. मिरवणूक बांधाच्या अलीकडे थांबली होती आणि लोक नागसेनला खालून शिव्या देत होते, लाइट का घालवली म्हणून. काम चालू असताना त्याच्या खिशातला फोन वाजतच होता. लाइट कधी येईल साहेब, असं विचारणारे. संध्याकाळी त्यानं एकेकाला परत फोन केले. चौसष्ट जण होते. पावणेतीनला परमिट परत केलं, दुलीचंदनं लाइन चालू केली, आणि गुरं गोठाणावर गेली. कुणाला ओरखडाही आला नाही.

दोन वाजता माझ्या फोनवर घनश्याम साहेबांचा संदेश आला होता. मी घाईघाईनं उघडला. दिव्याचं चित्र होतं आणि खाली सहपरिवार शुभेच्छा.

सोमवारी ऑफिस उघडलं. मला वाटलं होतं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. घनश्याम साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, बसा म्हणाले, पाणी मागवलं. प्रीतम साहेब बाजूला उभे होते, रीवाची मिठाई टेबलावर होती. सणाच्या दिवशी फीडर अडीच तास बंद राहिला, वरून विचारणा आली आहे, असं ते म्हणाले. पण काळजीचं कारण नाही. आपत्कालीन नंबरवरचे कॉल तपासले गेले आहेत, जवळजवळ सगळ्यांना उत्तर गेलेलं दिसतं. आपली व्यवस्था चोख होती, फक्त रजिस्टरातली एक नोंद तेवढी विचित्र आहे.

मग त्यांनी कागद पुढे सरकवला. टाइप केलेला होता, बाहेरून करून आणला असावा, कारण या ऑफिसातलं टाइप मी करते. माझा जबाब. प्रीतम साहेबांनी दूरध्वनीवरून परवानगी दिली, उपकेंद्राशी त्यांचा थेट संपर्क होत नसल्याने ती मी ऑपरेटरपर्यंत पोहोचवली, आणि रजिस्टरात त्यांचे नाव लिहिण्याऐवजी नजरचुकीने माझे लिहिले.

नजरचुकीने. माझ्या अकरा वर्षांच्या कागदांत तेवढं एक नाव खरं होतं, आणि ती नजरचूक ठरली.

मी म्हटलं, मला फोन आलाच नव्हता. घनश्याम साहेब म्हणाले, तुमचं काय, तुम्ही पर्मनंट आहात, फार तर तिकडे आडबाजूला बिरसाला बदली होईल. नागसेनचं बघा. प्रभारी अधिकाऱ्याची परवानगी नसताना तो अकरा हजारांच्या खांबावर चढला असं झालं, तर ठेकेदार त्याला संध्याकाळपर्यंत काढेल. त्याच्या दोन मुली शाळेत आहेत ना. हे सगळं ते खरोखर दुःखी चेहऱ्यानं बोलले. मग हळूच म्हणाले, "नागसेन समझदार है. उसने तो साइन कर दिया."

यानंतर माझ्याकडे काय उरलं होतं. मी खरं लिहून दिलं तर नागसेनचा जबाब खोटा ठरणार, आणि खोटा जबाब देणारा आउटसोर्स लाइनमन कितीसा टिकणार. त्याच्या मुलींची नावंही मला माहीत आहेत. धाकटीच्या शाळेच्या फॉर्मवर मीच सही केली होती. मी पेन उचललं. सही नेहमीसारखीच सरळ आली, याचंच मला नंतर वाईट वाटलं. अकरा वर्षांची सवय होती.

सही वाळायच्या आत प्रीतम साहेबांनी मिठाईचा डबा पुढे केला. तुमच्यात दिवाळी नसली तरी पेढा चालतो ना, असं म्हणाले आणि हसले. दोघं माझ्याकडे बघत होते. मी पेढा घेतला. तोंडात ठेवला. वेलदोड्याचा वास डोक्यात गेला, पण त्यांच्यासमोर थुंकायची माझी हिंमत झाली नाही. गिळला.

बाहेर येऊन नळावर मी चूळ भरली. दोनदा, तीनदा. दुपारी नागसेन आला, शिडी भिंतीला लावली आणि माझ्या टेबलाशी उभा राहिला. मला वाटलं, त्यालाही लाज वाटत असेल, त्याला हलकं करावं. मी म्हटलं, काही मनाला लावून घेऊ नको, तू सही केलीस ते बरोबर केलंस, मीही केली.

"मी आत्ता केली, ताई," तो म्हणाला. "साहेबानं तुमची सही दाखवली तवा. गुरवारपासून फोनवर सही मांगून राह्यले होते मले. मी म्हनलं, ताईनं रजिस्टरात खरं लिवलं हाय, मी खोटं कसा लिहू."

मी खुर्चीतून उठले. पण उठून जायचं कुठे, ते कळेना. केबिनमधून दोघांचं हसणं ऐकू येत होतं, कुठल्यातरी क्रिकेटच्या मॅचवर. नागसेननं खिशातून फोन काढला, त्यावर आलेला कॉल कापला आणि परत ठेवला. मग म्हणाला की ठेकेदारानं नोकरीवरून काढलं असतं तर काढलं असतं, गॅरेजमध्ये काम मिळालं असतं, तुमसरला मेहुणा आहे. रागानं नाही म्हणाला. हिशोब सांगावा तसं म्हणाला.

"तुमी एक फोन लावाले पायजे होता मले," तो म्हणाला. "सही करायच्या आधी. माहा फोन चालूच होता."

त्यानं शिडी उचलली आणि तिरोडीच्या लाइनवर निघून गेला.